पुण्याहून मुंबई विमानतळ : बस, फलाट आणि उतरण्याचं ठिकाण

पुण्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंत टॅक्सीने जायचं तर टोल धरून साधारण तीन ते चार हजार रुपये लागतात. पहाटेच्या विमानासाठी रात्री निघायचं असेल, तर भाडं याहूनही वर जातं. एसटीची शिवनेरी किंवा चांगली खाजगी वातानुकूलित बस याच प्रवासाला माणशी पाच-सहाशे रुपयांच्या आसपास घेते आणि शिवनेरीतही महिलांना एसटीची निम्म्या भाड्याची सवलत मिळते. पण टॅक्सी प्रवाशाला टर्मिनलच्या दाराशी उतरवते आणि ही बस विमानतळात शिरत नाही. तिच्या पाटीवर ‘दादर’ किंवा ‘बोरिवली’ असं लिहिलेलं असतं. त्यामुळे या प्रवासाची आखणी उलट्या दिशेने करावी लागते. आधी टर्मिनल, मग उतरण्याचं ठिकाण, त्यानंतर बस आणि शेवटी पुण्यातलं स्थानक व फलाट ठरवायचा.

विमानाच्या तिकिटावर पहिल्यांदा विमानतळाचा संकेत पाहावा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली, त्यामुळे ‘मुंबईचं विमान’ एवढं सांगून आता भागत नाही. तिकिटावर `BOM` असेल तर विमान सांताक्रुझ-सहारच्या जुन्या विमानतळावरून सुटतं आणि `NMI` असेल तर नवी मुंबईतून. `NMI` साठी दादरपर्यंत जाणं म्हणजे वाशीचा पूल ओलांडून पुन्हा मागे येणं. त्या प्रवाशाने द्रुतगती मार्ग संपल्यावर पनवेल-कळंबोली परिसरातच उतरून पुढे टॅक्सी करावी.

`BOM` असेल तर लगेच `T1` की `T2` हेही पाहावं. ही एकाच इमारतीची दोन दारं नाहीत. टर्मिनल १ पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून, सांताक्रुझ-विलेपार्ल्याच्या बाजूला आहे. टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहार भागात आहे. धावपट्ट्यांना वळसा घालून एकाकडून दुसरीकडे जायला रस्त्याने काही किलोमीटर पडतात. या विमानतळाची आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. देशांतर्गत विमानं मात्र दोन्हीकडे विभागलेली आहेत, म्हणून तिथे अंदाज न बांधता तिकीटच वाचावं.

यानंतर उतरण्याचं ठिकाण. पुण्याहून येणारी दादरची बस वाशीचा पूल ओलांडून मानखुर्दमार्गे चेंबूरला येते आणि सायनवरून दादर पूर्वेला पोहोचते. या रस्त्यावर विमानतळाच्या प्रवाशाच्या उपयोगाचे दोन थांबे आहेत, चेंबूरचा मैत्री पार्क आणि शेवटचा दादर. मैत्री पार्कहून टर्मिनल २ साधारण नऊ-दहा किलोमीटरवर आहे. सामान जास्त असेल किंवा रात्र झाली असेल, तर इथे उतरून टॅक्सी करणं सोपं. दादरपर्यंत जाऊन मागे येण्याचा फेरा त्यामुळे वाचतो.

दादरचं महत्त्व मेट्रोमुळे वाढलं आहे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली. तिच्यावर दादर स्थानक आहे आणि दोन्ही टर्मिनलांची वेगळी स्थानकंही आहेत. दादरहून आरेच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसलं की आधी टर्मिनल १, मग सहार रोड आणि त्यानंतर टर्मिनल २ लागतं. या प्रवासाला पंचवीस मिनिटांच्या आसपास वेळ आणि पन्नास रुपयांपेक्षा कमी भाडं लागतं. अडचण आहे ती दादरच्या दोन बाजूंची. शिवनेरीचा थांबा पूर्वेला, दादर टीटीजवळ आहे आणि मेट्रोचं स्थानक पश्चिमेला, शिवसेना भवनाच्या परिसरात. मध्ये रेल्वेचे रूळ आहेत. मोठी बॅग ओढत टिळक पुलावरून चालण्यापेक्षा तेवढ्यापुरती काळी-पिवळी टॅक्सी करावी. दादरला रिक्षा मिळत नाही. मुंबई शहराच्या या भागात रिक्षांना परवानगीच नाही, म्हणून तिची वाट पाहण्यात वेळ घालवू नये.

बोरिवलीची बस पाटीवरून जास्त सोयीची वाटते, पण तिच्याबद्दल एक प्रश्न आधी विचारावाच लागतो : ती कोणत्या रस्त्याने जाते? सायन-कलानगरवरून पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागणारी बस विमानतळाच्या कुशीतून जाते. ठाण्याच्या बाजूने बोरिवली गाठणारी बस विमानतळाच्या जवळपासही येत नाही. पाटी दोन्हींवर सारखीच असते. महामार्गाने जाणाऱ्या बसमधून टर्मिनल १ साठी विमानतळाच्या चौकात उतरता येतं. तिथून इमारत चालत जाण्याच्या अंतरावर आहे. टर्मिनल २ साठी अंधेरीला मेट्रो १ च्या ‘पश्चिम द्रुतगती महामार्ग’ स्थानकापाशी उतरावं. तिथून घाटकोपरच्या दिशेने चकाला आणि एअरपोर्ट रोडनंतर मरोळ नाका येतं. मरोळ नाक्याला मेट्रो ३ मध्ये बदललं की पुढचंच स्थानक टर्मिनल २ आहे. एअरपोर्ट रोड या नावाला भुलून आधी उतरू नये. ते स्थानक टर्मिनलच्या दाराशी नाही.

महामार्गावर उतरताना नेहमी होणारी चूक उड्डाणपुलामुळे होते. बस पुलावर चढली की खालचा चौक मागे पडतो आणि पुढचा थांबा दीड-दोन किलोमीटरवर येतो. म्हणून उतरण्याचं ठिकाण बसमध्ये चढतानाच चालकाला सांगावं आणि कलानगर आल्यावर पुन्हा आठवण द्यावी. ‘एअरपोर्टला उतरायचंय’ एवढं पुरत नाही. ‘टर्मिनल एकच्या चौकात, पुलाखाली’ किंवा ‘अंधेरीला मेट्रो स्टेशनजवळ’ असं नेमकं सांगावं. सामान डिकीत असेल तर तेही त्याच वेळी सांगावं. मधल्या थांब्यावर बस मिनिटभरच थांबते आणि डिकीत आतवर गेलेली बॅग शोधायला तेवढा वेळ पुरत नाही.

आता पुण्याचं टोक. पुण्यातून एसटी एकाच जागेवरून सुटत नाही. पुणे स्टेशनजवळच्या स्थानकावरून दादरच्या शिवनेरी सुटतात. स्वारगेटवरून दादर, ठाणे आणि बोरिवलीच्या गाड्या मिळतात. शिवाजीनगरचं जुनं स्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवण्यात आलं, तरी अनेक जण सवयीने अजून जुन्या जागी जातात. आरक्षण करताना ‘पुणे’ एवढंच न पाहता चढण्याच्या ठिकाणापुढे स्वारगेट लिहिलं आहे की पुणे स्टेशन, हे वाचावं. चुकीच्या स्थानकावर पोहोचल्यास संध्याकाळच्या वाहतुकीत दुसऱ्या स्थानकापर्यंत वेळेत जाणं कठीण होतं.

स्थानकात शिरल्यावर थेट फलाटाकडे धावू नये. आधी चौकशीच्या खिडकीवर वाहतूक नियंत्रकाला तिकिटावरची वेळ आणि गाव सांगावं, मग फलाटाचा क्रमांक आणि गाडी लागली आहे का हे विचारावं. मागच्या वेळचा फलाट आज असेलच असं नाही, कारण गर्दी किंवा दुरुस्तीमुळे गाडी दुसरीकडे लावली जाते. एकाच फलाटावर पाठोपाठ दोन शिवनेरी उभ्या असतात, एक दादरची आणि एक ठाण्याची. रंग आणि आकार सारखे असल्याने चूक सहज होते. पाटी वाचून सुटण्याची वेळ चालकाकडून पडताळून घ्यावी आणि तिकीट दाखवल्याशिवाय बॅग डिकीत टाकू नये.

खाजगी बसला फलाट नसतो, रस्त्याकडेचा थांबा असतो. वाकडसारख्या ठिकाणी महामार्गाच्या दोन्ही बाजूंना बस थांबतात, म्हणून मुंबईच्या दिशेची बाजू आधी नक्की करावी. चुकीच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला समोरून आपली बस जाताना दिसते, पण मधला रस्ता ओलांडता येत नाही. बसचा नंबर संदेशातून आला की तो हाताशी ठेवावा. तिथे येणाऱ्या बहुतेक बसवर ‘मुंबई’ असंच लिहिलेलं असतं.

वेळेचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, १५ तारखेला रात्री अडीच वाजता टर्मिनल २ वरून दुबईचं विमान आहे. पहिली गोष्ट म्हणजे घरातून १४ तारखेलाच निघायचं आहे. मध्यरात्रीनंतरच्या विमानांबाबत बसचं आरक्षण १५ तारखेचं करण्याची चूक नेहमी घडते. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी, म्हणजे साडेअकराला टर्मिनलवर असणं सोयीचं. पण मेट्रो ३ च्या शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाच्या सुमारास सुटतात. मेट्रो वापरायची तर दादरच्या मेट्रो स्थानकावर दहापर्यंत पोहोचायला हवं, म्हणजे बसमधून सव्वानऊला उतरायला हवं. पुणे स्टेशन ते दादर हा प्रवास साधारण चार तासांचा आहे. त्यात द्रुतगती मार्गावरचा नाश्त्याचा थांबाही आला. म्हणजे सव्वापाचची बस वेळेत पोहोचायला हरकत नाही, फक्त घाट मोकळा हवा.

खंडाळ्याचा घाट नेमका तसा नसतो. एक अवजड गाडी बंद पडली तरी तास-दीड तास जातो, आणि रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून परतणाऱ्यांमुळे मुंबईकडची बाजू विशेष तुंबते. म्हणून दीड तास राखून पावणेचारच्या आसपासची बस धरावी. रविवार असेल तर आणखी आधीची. सगळं सुरळीत झालं तर प्रवासी नऊच्या आतच टर्मिनलवर पोहोचेल आणि दोन-अडीच तास बसून काढेल. विमान चुकण्यापुढे ही किंमत मोठी नाही.

निर्णयाची शेवटची जागा वाशीचा टोलनाका. तिथे पोहोचताना घड्याळ पाहावं. साडेआठ वाजले नसतील तर बेत बदलायची गरज नाही, दादरला उतरून मेट्रो घ्यावी. साडेआठ उलटून गेले असतील तर दादरचा नाद सोडावा, चालकाला मैत्री पार्कला उतरायचं सांगावं आणि पूल ओलांडतानाच टॅक्सी बोलवावी. त्या शेवटच्या नऊ-दहा किलोमीटरचं टॅक्सीभाडं देऊनही एकूण खर्च पुण्याहून केलेल्या टॅक्सीच्या निम्म्याहून कमीच राहतो. टर्मिनल २ ला प्रस्थानाचं दार चौथ्या मजल्यावर आहे, टॅक्सीवाल्याला तेवढं सांगितलं की गाडी थेट तिथे जाते.