पगाराच्या स्लिपचा फोटो आणि "हे बरोबर आहे का?"

मावसबहिणीने एप्रिलच्या पगारस्लिपचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती, "ताई, हे बरोबर आहे का?" ती पुण्यात एका खासगी कंपनीत आहे.

आपला पहिला हात बेरजेकडे जातो. पगार १८,०००, कपात १,६५५, हातात १६,३४५. जुळलं. पण बेरीज जुळली म्हणजे आकड्यांचं एकमेकांशी जमतं, एवढंच कळलं.

त्यात फोटो तिरका होता. घरभाडे भत्ता ३,९६० की ३,८६०, दिसेना. एकूण १८,००० यावेत म्हणून ३,९६० धरायचा मोह होतो. पण मग त्याच बेरजेने स्लिप तपासता येत नाही, ते गोल फिरणं झालं. म्हणून वेगळा पुरावा शोधला. पूर्ण महिन्याचा भत्ता ४,४०० लिहिला होता आणि पगारी दिवस ३० पैकी २७. ४,४०० × २७ ÷ ३० = ३,९६०. आता तो आकडा बेरजेवर टेकून नाही.

मग कपाती. मूळ पगार महिन्याला ११,०००, म्हणजे २७ दिवसांचे ९,९००. पीएफ कापला होता १,३२०. हे ११,००० चे १२ टक्के झाले. ९,९०० चे १,१८८ होतात. म्हणजे दिवस कमी केले, पण पीएफ पूर्ण महिन्याचा कापला. हे जास्तीचे १३२ निदान तिच्याच खात्यात जातात. (कोणते भत्ते पीएफसाठी धरायचे हा वेगळा वाद आहे, तो फोटोवरून सुटत नाही.) ईएसआय १८,००० चा ०.७५ टक्के, म्हणजे १३५. तो ठीक.

व्यवसाय कर २०० मात्र खटकला. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही. पुरुषांना १०,००० च्या वर २०० लागतात, फेब्रुवारीत ३००. बहुधा सॉफ्टवेअरमध्ये तिच्या नावापुढे चुकीचा पर्याय निवडलेला असावा. हा माझा अंदाज, स्लिपवर तसं काही दिसत नाही.

दोन्ही मिळून ३३२ रुपये जास्त कापले. तिला हे कळवायच्या आधी सहज विचारलं, "तीन दिवस कुठे गेली होतीस गं?"

"तीन? दोनच. एक तर रविवारी काम केलं त्याची बदली सुट्टी होती."

म्हणजे एका दिवसाचे साधारण ६६७ रुपये, सगळ्यात मोठी चूक, फोटोत कुठेच दिसत नव्हती. २७ हा आकडा मी मोजमापासारखा धरला होता, पण तो कुणीतरी भरलेला होता. आणि तो २८ झाला की वरचे १,१८८ आणि १३५ हेही बदलतात. व्यवसाय कराचे २०० तेवढे दिवस कितीही धरले तरी चूकच.

तिला म्हटलं, आधी हजेरीची नोंद आणि बदली सुट्टीच्या मंजुरीचा मेल काढ, मग एचआरकडे जा.