क्रियापद कुणाचे ऐकते?

'मुलगी आंबा चिरते' या वाक्यात क्रियापद मुलीप्रमाणे चालते. मुलगा आला की 'चिरतो' होते. हेच वाक्य भूतकाळात नेले की मुलीला 'ने' लागतो आणि क्रियापद आंब्याकडे वळते: मुलीने आंबा चिरला, कैरी चिरली, कलिंगड चिरले, आंबे चिरले. मुलीच्या जागी मुलगा आला तरी यातले एकही रूप बदलत नाही. मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. भाषाशास्त्रात अशा रचनेला एर्गेटिव्ह म्हणतात.

मात्र केवळ भूतकाळ असून भागत नाही. 'मुलगी आंबा चिरत होती' यात क्रियापद मुलीकडेच राहते. कर्माचे ऐकते ते 'ल' असलेले, क्रिया पुरी झाल्याचे सांगणारे रूप. याचे मूळ संस्कृतात आहे. 'बालकेन ग्रन्थः पठितः' आणि 'बालकेन पत्रिका पठिता' यांत 'पठित' हे धातुसाधित विशेषण आहे आणि विशेषण म्हणून ते ग्रंथाचे किंवा पत्रिकेचे लिंग घेते. मराठीत त्या विशेषणाचे क्रियापद झाले, पण जुळण्याची सवय टिकली: मुलाने ग्रंथ वाचला, पत्रिका वाचली.

'मी' आणि 'तू' यांना 'ने' लागत नाही, तरी नियम तोच. 'मी गेलो', 'मी गेले' यांतून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते. 'मी पोळी खाल्ली' यातून ते कळत नाही, कारण 'खाल्ली' पोळीची आहे. 'तू पोळी खाल्लीस' मध्ये तर एकाच क्रियापदावर दोघांची खूण दिसते: 'ली' पोळीची, 'स' तुझा. ही मराठीची फार देखणी जागा आहे.

कर्माला 'ला' लागला की क्रियापद त्याच्याशीही जुळत नाही. 'मुलाने मांजरांना पकडले' यात ते नपुंसकलिंगी एकवचनी राहते. हा भावे प्रयोग. मग 'त्याने भावाला हाक मारली' यात 'मारली' कशी? वाक्यातली दोन्ही माणसे पुरुष आहेत. इथे 'ला' न लागलेले कर्म 'हाक' आहे आणि ती स्त्रीलिंगी आहे. मराठी शिकणारे अडतात ते बहुधा इथेच. उपाय सोपा: प्रत्यय नसलेले कर्म आधी शोधावे.

काही सकर्मक क्रियापदे मात्र या वाटेला जातच नाहीत. मुलगी धडा विसरली, मुलगा कविता शिकला, आजी लुगडे नेसली: इथे 'ने' नाही आणि क्रियापद कर्त्याचेच आहे. 'म्हणणे' दोन्हीकडे चालते: 'तो म्हणाला', पण 'त्याने आरती म्हटली'. यामागे एकच कारण दाखवता येत नाही; अशी क्रियापदे एकेक करून लक्षात ठेवावी लागतात.