ग्रँटची जाहिरात शेवटच्या पानापासून वाचा

या भागाची सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. शनिवार-रविवार एका छोट्या नोंदणीकृत ट्रस्टचे हिशेब बघतो. गावात संध्याकाळचं अभ्यास केंद्र चालतं, एवढंच आमचं काम. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सीएसआर निधीतून आम्हाला वर्षभरासाठी दहा लाख मंजूर झाले. मंजुरीचा मेल आला आणि त्याच आठवड्यात लॅपटॉपवर दिवाळीची ऑफर होती. चार लॅपटॉप मी लगेच मागवले. करारावर सह्या झाल्या बारा दिवसांनी.

वर्षअखेरीला ते बिल अमान्य झालं. जाहिरातीच्या शेवटून दुसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, "कराराच्या तारखेपूर्वी केलेला खर्च ग्राह्य धरला जाणार नाही." मंजुरीचा मेल म्हणजे करार नव्हे! 1,65,200 रुपये ट्रस्टच्या खिशातून गेले आणि आमच्या समन्वयक ताईंना दोन महिने अर्ध्या पगारावर काढावे लागले. ताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मी अशी जाहिरात उलटी वाचतो. आधी अहवालाचा भाग, मग मान्य-अमान्य खर्च आणि सगळ्यात शेवटी "आमचं ध्येय" वगैरे. कारण साधं आहे. बजेटमध्ये आज लिहिलेली प्रत्येक ओळ वर्षअखेरीला पुराव्यानिशी सिद्ध करायची असते. कोणता पुरावा लागणार, हे अहवालाच्या पानावर असतं. तो देता येणार नसेल तर ती ओळ लिहायचीच कशाला?

त्या लॅपटॉपचंच बघा. पुरावा म्हणून हवं होतं ट्रस्टच्या नावाचं, कराराच्या मुदतीतलं बिल आणि ट्रस्टच्या बँक खात्यातून गेलेले पैसे. माझं बिल ट्रस्टच्या नावाचं होतं, पण मुदतीत नव्हतं. आणखी एक गोची. बजेटमध्ये मी एका लॅपटॉपचे 35,000 धरले होते. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून बिल झालं 41,300. जीएसटी नोंदणी नसलेल्या संस्थेला तो कर परत मिळत नाही, तो आपला खर्चच असतो. म्हणजे बिल मान्य झालं असतं तरी 25,200 रुपये कमी पडलेच असते. आता मी दुकानदाराकडून करासकट लेखी कोटेशन घेतो आणि तोच आकडा बजेटमध्ये टाकतो.

आता प्रशासकीय खर्च. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. त्या नियमांत प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ती वाचून अनेक संस्था आपलं ऑफिस पाच टक्क्यांत बसवायला बघतात. पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे, आपल्या संस्थेच्या खर्चाला नाही. आपल्याला लागू होते ती जाहिरातीत आणि करारात लिहिलेली मर्यादा.

आमच्या जाहिरातीत ती होती "कार्यक्रम खर्चाच्या 10 टक्के". मी दहा लाखांचे दहा टक्के म्हणून एक लाख टाकले आणि अर्ज परत आला. एक लाख प्रशासनाला गेले की कार्यक्रमाला नऊच लाख उरतात, आणि नऊ लाखांवर एक लाख म्हणजे 11.1 टक्के. बरोबर आकडा काढायचा तर एकूण रकमेला 11 ने भागायचं, म्हणजे 90,909 रुपये. "एकूण अनुदानाच्या 10 टक्के" असं असतं तर मात्र माझा एक लाख चालला असता. म्हणून टक्का दिसला की तो कशाचा आहे, हा शब्द आधी शोधा.

मग प्रशासकीय कोणतं आणि कार्यक्रमाचं कोणतं? जाहिरातीत व्याख्या असेल तर तीच धरायची. नसेल तर मी एक प्रश्न विचारतो, हा प्रकल्प उद्या बंद झाला तर हा खर्च थांबेल का? मुलं बसतात त्या खोलीचं भाडं थांबेल, म्हणून ते कार्यक्रमात. ट्रस्टच्या ऑफिसचं भाडं चालूच राहील, म्हणून ते प्रशासनात. ताईंचा पगार मधलाच. महिना 20,000, पण त्यांचा साधारण 60 टक्के वेळ या प्रकल्पाला जातो. म्हणून 12,000 कार्यक्रमात धरले, वर्षाचे 1,44,000. पुरावा म्हणून नेमणूकपत्र आणि महिन्याचं वेळपत्रक. ते वेळपत्रक त्या त्या महिन्यात भरायचं. मार्चमध्ये एका बसणीत बारा महिन्यांचं भरलं तर एकाच पेनाची शाई तपासणाऱ्याला लगेच दिसते.

शेवटचा मुद्दा हप्त्यांचा. तो बजेटच्या पानावर नसतोच, अहवालाच्या पानावर असतो. आमचा पहिला हप्ता 40 टक्के, म्हणजे चार लाख. त्यातले 75 टक्के खर्च होऊन अहवाल गेल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. तीन लाख संपले की हातात एक लाख. आमचा महिन्याचा खर्च 80,000. बिलं जमवणं, सीएची सही, कंपनीची तपासणी यात दोन महिने सहज जातात, म्हणजे 1,60,000 हवेत. साठ हजारांचा खड्डा! खरेदी आधी करा की नंतर, त्या टप्प्यावर उरतो एकच लाख. खर्चाचा क्रम बदलून हे सुटत नाही.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीची जाहिरात पुन्हा आली, तेव्हा शंका विचारण्याच्या मुदतीत मी हा हिशेब चार ओळींत लिहून पाठवला आणि विचारलं, ही अट 60 टक्क्यांवर आणता येईल का? 60 टक्क्यांवर हातात 1,60,000 उरतात, बरोबर दोन महिन्यांचे. त्यांनी मान्य केलं. सह्या झाल्यावर विचारलं असतं तर कदाचित ऐकलंही नसतं.

आणि मार्चमध्ये कंपनीचे फोन का सुरू होतात तेही ऐका. नुसते पैसे संस्थेला दिले म्हणून कंपनीचा सीएसआर खर्च झाला असं धरत नाहीत, संस्थेने ते वापरावे लागतात. पैसे ठरल्याप्रमाणे वापरले गेल्याचं प्रमाणपत्र कंपनीच्या वित्त प्रमुखाला द्यावं लागतं. म्हणून त्यांना आपल्याकडून सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र हवं असतं. दुकानदाराला दिलेला अ‍ॅडव्हान्स त्यात आम्ही खर्च म्हणून दाखवत नाही. वस्तू आली, बिल आलं, पैसे गेले, हे तिन्ही झाल्यावरच ती रक्कम आमच्या तक्त्यात चढते. त्यामुळे मोठी खरेदी आम्ही आता फेब्रुवारीच्या आत उरकतो. पण कराराच्या तारखेआधी नाही!