पहाटे साडेतीनचा निर्णय

सकाळी उठून यूपीआयने दुधाचे पैसे द्यायला जावे, तर ‘सेवा तात्पुरती बंद आहे’ असा संदेश येतो. आदल्या दिवशी बँकेने एसएमएस पाठवलेला असतो: यंत्रणेच्या देखभालीसाठी रात्री 11 ते सकाळी 6 सेवा बंद राहतील. हे सात तास कोणी आणि कसे ठरवले, हे त्या एका ओळीत कळत नाही.

पूर्वी बँकांना रात्र मोकळी मिळायची. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी आणि डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस चोवीस तास चालू लागले, यूपीआय तर कधी झोपतच नाही. त्यामुळे कमीत कमी लोकांची अडचण होईल अशी वेळ आता शोधून काढावी लागते. एचडीएफसी बँकेने 2024 मध्ये मुख्य यंत्रणा नव्या व्यवस्थेवर नेली, तेव्हा 13 जुलैचा दिवस आणि पहाटे 3 ते दुपारी 4.30 अशी वेळ जाहीर केली होती. तो महिन्यातला दुसरा शनिवार होता. शाखा बंद आणि पुढे रविवार, म्हणजे काही बिघडलेच तर सावरायला दोन दिवस हाताशी.

समजा, चाळीसेक शाखांच्या एका नागरी सहकारी बँकेला हेच काम करायचे आहे. दुसऱ्या शनिवारच्या आदली, शुक्रवारची रात्र ठरली आहे. अनुभवी माणूस हे वेळापत्रक शेवटाकडून लिहायला घेतो. सकाळी 6 वाजता एटीएम आणि यूपीआय सुरू झालेच पाहिजेत. नवी यंत्रणा रुसली, तर जुनी परत उभी करायला किती वेळ लागेल? दोन आठवडे आधीच्या रंगीत तालमीत घड्याळ लावून पाहिले, तेव्हा बॅकअपमधून सगळा डेटा परत आणायला दीड तास लागला. तो तपासायला अर्धा तास आणि सेवा एकेक करून उघडायला पाव तास. सहामधून सव्वादोन तास वजा केले की पावणेचार उरतात. त्यात पंधरा मिनिटांची सवड ठेवली की आले साडेतीन. पुढे जायचे की माघार घ्यायची, हे साडेतीनला ठरलेच पाहिजे. सहानंतर ग्राहकांचे नवे व्यवहार नव्या यंत्रणेत पडू लागतात, आणि मग जुना बॅकअप परत आणायचा तर ते व्यवहार वेगळे काढून हाताने भरावे लागतात.

घोळ असा, की पहाटे तीन ते पाच ही माणसाच्या शरीराची सगळ्यात मंद वेळ. रात्रीतला सगळ्यात अवघड निर्णय नेमका तिथेच येऊन पडतो.

बऱ्याच ठिकाणी अजून जुनीच पद्धत चालते. आयटी विभागातली तीच चार माणसे दिवसभर काम करतात, रात्री डबा मागवून तिथेच थांबतात आणि सकाळी लाल डोळ्यांनी घरी जातात. सहाला उठलेल्या माणसाच्या जागरणाचे सतरा तास रात्री 11 वाजता भरतात, म्हणजे खरे काम सुरू होते त्याच क्षणी. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. जी अवस्था गाडीच्या चाकामागे गुन्हा ठरली असती, तिच्यात हजारो खातेदारांच्या ठेवींवर आज्ञा टाइप होत असतात.

यावर उपाय म्हणजे एकमेकींवर थोड्या चढणाऱ्या पाळ्या. पहिली तुकडी रात्री 8.30 ते 2.30. तिला शुक्रवारी दिवसा कामावर बोलवायचे नाही, दुपारची झोप हा तिच्या कामाचाच भाग. ती दिवसअखेर करते, बॅकअप घेते, डेटा हलवायला सुरुवात करते. दुसरी तुकडी 1.30 ते 7.30. ही माणसे संध्याकाळी सहालाच झोपून बाराला उठलेली असतात, आणि साडेतीनचा निर्णय त्यांच्यातला प्रमुख घेतो. झोप झालेली असली तरी शरीराचे घड्याळ पहाटे मंदावतेच, म्हणून एकाने पायरी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने करायची. तिसरी तुकडी सकाळी 6.30 ला येते. रात्रीच्या यादीत कोणी स्त्री असेल, तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतरच्या कामासाठी तिची संमती आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय लागते. आमच्या मते वाहन त्या रात्री सगळ्यांनाच हवे. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर पेंगत दुचाकी चालवायला कोणालाच सोडू नये.

पाळ्या एक तास एकमेकींवर का चढवायच्या, हे एका प्रसंगातून कळेल. रात्रीचे 2.50. डेटा हलून झाला आहे, पण बचत ठेवींची जुनी बेरीज आणि नवी बेरीज जुळत नाही. फरक बरोबर 9,500 रुपयांचा. सहा तास पडद्यासमोर बसलेला माणूस इथे दोनपैकी एक करतो: तीच बेरीज पाचव्यांदा चालवतो, नाहीतर ‘किरकोळ आहे, सकाळी बघू’ म्हणतो. नव्या पाळीतली बाई नोंदवही उघडते. यूपीआय 10.30 ला बंद, जुनी बेरीज 10.40 ला घेतली, एटीएम 11 ला बंद. मधल्या वीस मिनिटांत एटीएमवर काय झाले, ते ती पाहते. तीन जणांनी पैसे काढलेले आहेत, 4,000, 3,500 आणि 2,000. फरक सापडला, यंत्रणा निर्दोष आहे, 3.20 ला पुढे जायचा निर्णय झाला. पहिल्या तुकडीने वेळा मिनिटासह लिहिल्या नसत्या, तर हीच बँक कारण नसताना माघारी फिरली असती. नोंदी तोकड्या होऊ लागल्या, वेळ लिहायची राहू लागली, की थकवा आल्याचे ओळखावे आणि त्या माणसाला खुर्चीवरून उठवावे.

सहाला सेवा सुरू झाल्या म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये शनिवार-रविवार गाठून ग्राहकांचा डेटा नव्या यंत्रणेवर नेला. डेटा नीट पोहोचला, पण ग्राहक आत शिरू लागताच यंत्रणा कोलमडली. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि 2022 मध्ये नियामकांनी बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून अधिक दंड केला. खरी गर्दी उजाडल्यावर येते. तिला तोंड द्यायला ताजी माणसे हवीत, रात्रीची उरलेली नव्हेत.

म्हणून दुसऱ्या दिवशीची विश्रांती त्याच कागदावर, पाळ्यांच्या शेजारच्या रकान्यात लिहायची असते. युरोपीय संघाच्या नियमात दोन पाळ्यांमध्ये सलग अकरा तासांची विश्रांती सांगितली आहे. दिवसाची झोप रात्रीपेक्षा तुटक आणि थोडी येते, तेव्हा अख्खा दिवस देणेच बरे. हा दिवस रजेतून कापायचा नाही. शनिवारी तशीही सुटीच होती, म्हणून तिच्याबदल्यात पुढच्या आठवड्यात एक दिवस द्यायचा. विश्रांती मोजायची ती माणूस खरोखर निघाला त्या वेळेपासून. काम लांबून कोणी 7.30 ऐवजी 9.15 ला निघाला, तर त्याची पुढची पाळीही तितकीच सरकते.

सगळ्यात जास्त मोडते ते फोनपाशी. सकाळी 10 वाजता एखाद्या शाखेत पासबुक छापेना, की रात्री काम केलेल्याचाच नंबर फिरवला जातो, कारण ‘त्यालाच माहीत आहे’. म्हणून शनिवारी शाखांना जाणाऱ्या संपर्क यादीत रात्रीच्या दोन्ही तुकड्यांतले एकही नाव नसते. तिसऱ्या तुकडीचे तीन नंबर असतात, आणि तिच्या प्रमुखाच्या टेबलावर ती नोंदवही असते, ज्यात 10.40, 11 आणि 3.20 या वेळा लिहिलेल्या आहेत.