पोर्टात अडकलेले पत्र्याचे टोक

प्रयोगशाळेतील संगणकाला पुढच्या बाजूने पेनड्राइव्ह लावलेला असावा, आणि जवळून जाणाऱ्या कुणाचा तरी गुडघा त्याला लागावा, हा प्रसंग तुम्हांला अपरिचित नसेल. आमच्याकडे असेच झाले. पेनड्राइव्ह आतल्या पट्टीसह हातात आला, पण त्याचे चौकोनी पत्र्याचे टोक यूएसबी पोर्टातच राहिले. चिमट्याने धरावे तर बाहेर धरण्याजोगे काहीच शिल्लक नव्हते.

हे टोक इतके घट्ट का बसते, ते आधी पाहू. पोर्टाच्या आतील भिंतींना, दोन वर आणि दोन खाली, पत्र्याच्या लहान स्प्रिंगा असतात. प्लगच्या पत्र्यावर तुम्ही चौकोनी भोके पाहिली असतील. ती शोभेसाठी नाहीत. प्लग पूर्ण आत गेला की स्प्रिंगांचे फुगीर भाग त्या भोकांत उतरतात. मानकाप्रमाणे प्लग बाहेर ओढायला किमान १० न्यूटन, म्हणजे साधारण एक किलोग्रॅम वजनाइतके बल लागावे अशी रचना असते. पत्र्याला चिकटलेल्या बोटाचे घर्षण इतके बल देऊ शकत नाही. म्हणून पत्र्यालाच आकडा अडकवला पाहिजे.

परंतु त्याआधी वीज बंद करायची. ५ व्होल्टांनी तुम्हांला धक्का बसणार नाही. धोका संगणकाला आहे. पोर्टाच्या मधोमध प्लॅस्टिकची एक जीभ असते आणि तिच्यावर चार पट्ट्या. कडेच्या एका पट्टीवर ५ व्होल्ट असतात, दुसऱ्या कडेची पट्टी जमिनीची आणि मधल्या दोन माहितीच्या. पोर्टाची धातूची भिंतही जमिनीलाच जोडलेली असते. तुमची सुई एकाच वेळी ५ व्होल्टांच्या पट्टीला आणि भिंतीला टेकली, आणि त्या मार्गाचा रोध समजा ०.१ ओहम असला, तर ओहमच्या नियमाने ५० अँपिअर येतात! एवढा प्रवाह प्रत्यक्षात वाहत नाही, कारण बहुधा संरक्षक फ्यूज आड येतो. पण सुईने ५ व्होल्टांची पट्टी शेजारच्या माहितीच्या पट्टीला जोडली, तर तिच्यामागची नाजूक चिप जळू शकते.

येथे पुष्कळजण फसतात. संगणक ‘शट डाउन’ केला तरी पुष्कळ संगणकांत पोर्टाला ५ व्होल्ट मिळतच राहतात. तेव्हा भिंतीतील प्लग उपसा, मग संगणकाचे चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा. धारित्रांत उरलेला प्रभार त्यामुळे निघून जातो. मदरबोर्डावर बारीक दिवा असेल तर तो विझलेला दिसेल. लॅपटॉपात मात्र बॅटरी आत असते. ती काढता येत नसेल तर हे काम दुरुस्ती करणाऱ्यावर सोपवा.

आता आकडा. शिवणाची सुई तशीच वाकवू गेलात तर ती कट्कन मोडते. शिक्षकांच्या देखत ती पकडीत धरून ज्योतीवर लाल करा आणि सावकाश निवू द्या. मग तिचे टोक एक मिलिमीटर काटकोनात वळवता येते. अशी सुई मऊ होते, आणि हे सोयीचेच आहे. तुम्ही जास्त जोर लावलात तर पोर्टाची जीभ तुटण्याआधी आकडा सरळ होण्याची शक्यता अधिक.

विजेरीच्या उजेडात आधी जीभ शोधा. ती भेगाळलेली वा कलती दिसली तर तेथेच थांबा. ती शाबूत असेल तर पट्ट्यांच्या बाजूला, जेथे प्लगचे प्लॅस्टिक होते, तेथे सुमारे दोन मिलिमीटर फट मोकळी असते. आकड्याचे टोक पट्ट्यांकडे न वळवता बाहेरच्या पत्र्याकडे ठेवून सुई आत सरकवा. टोक पत्र्यावरून घासत असताना एका भोकात अडकल्याचे हाताला जाणवते. तेथून अर्धा मिलिमीटर ओढा, मग दुसऱ्या भोकातून तितकेच. आलटून पालटून ओढल्याने चारही स्प्रिंगांशी एकदम झुंजावे लागत नाही. जिभेचा टेकू घेऊन तरफेसारखे उचकटू मात्र नका. आमचे टोक सातव्या-आठव्या ओढीला कडेबाहेर डोकावले आणि पुढचे काम चिमट्याने केले.

काडीला झटपट चिकटणारा गोंद लावून ती आत चिकटवण्याची युक्ती कोणी सुचवील. तसे करू नका. केशाकर्षणाने गोंद अरुंद फटींत ओढला जातो आणि पोर्टच कायमचे बंद होते.

वीज जोडण्यापूर्वी पुन्हा विजेरी लावा. चारही पट्ट्या समांतर व जिभेला लागून दिसल्या पाहिजेत, पत्र्याचा कीसही राहता कामा नये. पहिली चाचणी जुन्या माऊसने घ्या, कुणाच्या पेनड्राइव्हने नव्हे. एखादी पट्टी वाकून भिंतीला टेकली असेल तर काही संगणक सुरू होतानाच पडद्यावर USB Device Over Current Status Detected असे दाखवतात. तसे दिसले तर लगेच वीज काढा. ते पोर्ट आता बदलावेच लागेल.