एक इडली म्हणजे किती? एक केळे म्हणजे किती?

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला लहानपणचा मधुमेह आहे, म्हणजे प्रत्येक खाण्याआधी इन्सुलिनचे इंजेक्शन. ताटात जितकी कर्बोदके (पिष्ट आणि साखर, दोन्ही त्यात आली) तितक्या हिशेबाने इन्सुलिन. तिच्या डॉक्टरांनी तिच्यापुरते प्रमाण ठरवून दिले आहे : पंधरा ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट. तेव्हा आमच्या घरात "एका केळ्यात किती?" हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नसतो, बरं का.

एके दिवशी सकाळी दूध आणि केळे खाऊन पोर शाळेत गेली आणि दहाच्या सुमाराला तिचे हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला. साखर उतरली होती. बाईंनी लगेच साखरपाणी दिले म्हणून निभावले. संध्याकाळी आम्ही दोघी बहिणी वही काढून बसलो. बहिणीने हिशेब तर नीट केला होता! पुस्तकात १०० ग्रॅम केळ्याला २७.२ ग्रॅम कर्बोदके होती. तिने केळे काट्यावर ठेवले, ते भरले १५६ ग्रॅम. गुणाकार करून आले ४२ ग्रॅम, आणि तेवढ्याचे इन्सुलिन दिले.

चूक कुठे झाली, तुमच्या लक्षात आलीच असेल. केळे सालीसकट तोलले होते. अशा तक्त्यांतले १०० ग्रॅम म्हणजे खाण्याजोग्या भागाचे १०० ग्रॅम. साल, बिया, देठ त्यात धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच फणीतले तेवढेच केळे घेतले आणि उरलेली साल तोलली, ती ५२ ग्रॅम निघाली. म्हणजे पोटात गेला तो गर १०४ ग्रॅमचा. त्याचे होतात २८ ग्रॅम. चौदा ग्रॅम नुसत्या सालीचे! जवळजवळ एक युनिट इन्सुलिन सालीसाठी टोचले गेले होते.

आता साल वजा केली, पण दुसरेच त्रांगडे उभे राहिले. भाच्याने अमेरिकेच्या शेतीखात्याचा तक्ता काढून दाखवला. त्यात १०० ग्रॅम केळ्याला २२.८ ग्रॅम. बहिणीजवळचे पुस्तक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे, जुने. खरे कोणाचे? बहीण म्हणाली, "दोन्हींची सरासरी काढू, पंचवीस धरू." मी म्हटले, थांब. सरासरी काढली तर ती दोन्हींपैकी कुठल्याच केळ्याची होणार नाही. आधी पाण्याचा रकाना बघ.

मैत्रिणींनो, हा रकाना कोणी बघतच नाही, पण भांडणाचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो. जुन्या पुस्तकातल्या केळ्यात १०० ग्रॅममागे ७० ग्रॅम पाणी आहे, अमेरिकन केळ्यात ७५. म्हणजे कोरडा भाग एकीकडे ३० आणि दुसरीकडे २५. ज्या केळ्यात पाणी कमी, त्यात साखर जास्त, इतके साधे आहे ते. जात वेगळी, पिकण्याची तऱ्हा वेगळी. थोडा फरक चोथ्याचाही आहे. अमेरिकन आकड्यात चोथा (२.६ ग्रॅम) कर्बोदकांतच धरलेला आहे. आपल्या जुन्या पुस्तकात तो वेगळा दाखवला आहे, पण तेव्हाच्या तपासणीच्या पद्धतीत चोथा फार कमी सापडत असे. म्हणून रकान्याचे नाव एकच असले तरी आतला माल एकच असतो असे नाही. उष्मांकांच्या रकान्यातही असेच फसायला होते. त्याच संस्थेच्या २०१७च्या नव्या तक्त्यांत उष्मांक किलोज्यूलमध्ये आहेत. आकडा एकदम चौपट दिसला तर घाबरू नका, ४.२ने भागा.

मग धरायचे काय? आमच्या १०४ ग्रॅम गराला एका हिशेबाने २८ आणि दुसऱ्याने २४. दोन पुस्तकांचे सारे भांडण चार ग्रॅमचे, म्हणजे पाव युनिटाचे. सालीची चूक होती चौदा ग्रॅमची. हे कळल्यावर माझा जीव खाली पडला. डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की कोणताही एक तक्ता धरा आणि तोच चालवा. पंधराला एक हे प्रमाण आम्ही तुमच्याच नोंदींवरून बसवतो, त्यामुळे तक्ता थोडा जास्त किंवा कमी सांगत असला तरी प्रमाणात ते सामावून जाते. आज हा, उद्या तो असे केले की मात्र काहीच जुळत नाही. आम्ही कमीचा आकडा घेतला, १०० ग्रॅमला २३. इन्सुलिन थोडे कमी पडले तर साखर जरा चढते आणि नंतर सावरता येते. जास्त झाले तर काय होते ते शाळेत पाहिलेच होते. घरात वेलची केळी आणली की तीही सोलूनच तोलायची. आमच्याकडची ४८ ग्रॅम भरली, म्हणजे ११ ग्रॅम. "एक केळे" म्हणून मोठ्या केळ्याचाच आकडा लावला असता तर दुप्पट झाला असता.

इडलीचे प्रकरण निराळे. २०१७च्या त्या तक्त्यांत कच्चे जिन्नस आहेत, तयार इडली नाही. इतरत्र शोधले तर एका इडलीला कुठे ८ ग्रॅम, कुठे १२, कुठे १८. इडली केवढी, ते मात्र कोणीच लिहीत नाही! कदाचित तिन्ही आकडे आपापल्या साच्यापुरते खरेही असतील.

म्हणून आम्ही आपल्याच स्वयंपाकघरातून आकडा काढला. तांदूळ ३०० ग्रॅम आणि उडदाची डाळ १०० ग्रॅम, भिजवण्याआधी कोरडेच तोलून घेतले. वाटीच्या मापावर विसंबू नका, वाटी शिगोशीग भरली की सपाट, यातच बराच फरक पडतो. जुन्या पुस्तकाप्रमाणे १०० ग्रॅम तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदके, डाळीत ६०. तेव्हा तांदळाचे २३४ आणि डाळीचे ६०, मिळून २९४. सगळ्या पिठाच्या २४ इडल्या झाल्या. एकीला १२ ग्रॅम आणि वर थोडे. पाणी कितीही घाला, पीठ कितीही फुगू द्या, एकूण २९४ काही वाढत नाहीत. आंबवण्यात थोडे खर्ची पडते, पण ते सोडून द्यायला हरकत नाही. थोडे पीठ डोशासाठी ठेवणार असाल तर आधी सगळे पीठ तोला, मग वापरलेले, आणि २९४ त्याच वाट्याने घ्या.

गार झाल्यावर चोवीस इडल्या एकदम तोलल्या, त्या ९६० ग्रॅम भरल्या. म्हणजे एक इडली ४० ग्रॅमची आणि १०० ग्रॅम इडलीला सुमारे ३१ ग्रॅम. हा १०० ग्रॅमचा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण बाहेर तोच कामी येतो. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून इडल्या बांधून आणल्या, तर एकेक ६५ ग्रॅमची निघाली. ती झाली २० ग्रॅमची. तीन इडल्या आमच्या ३७ आणि त्यांच्या ६०. पोर म्हणते, "मावशी, तीनच तर खाल्ल्या!" आणि ती खोटे बोलत नसते.

कुठे १०० ग्रॅम इडलीला ७० किंवा ७५ ग्रॅम असे दिसले, तर तो आकडा कोरड्या पिठाचा किंवा तयार मिश्रणाचा समजावा. वाफवलेल्या इडलीत निम्म्याहून जास्त पाणीच असते, तेव्हा ७५ ग्रॅम कर्बोदकांना त्यात जागाच उरत नाही. मिश्रणाच्या पाकिटावरचा आकडा वापरायचाच, तर तो कोरड्या मिश्रणाच्या वजनाला लावा आणि जितक्या इडल्या होतील तितक्यांनी भागा.

सांबार आणि चटणीतली डाळ वेगळी मोजावी लागते. तो हिशेब सध्या बहीण एका वाटीवर खूण करून भागवते आहे.