मुंबईला सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये घसरण

21 ऑक्टोबर 2019. सोमवार. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं, त्यामुळे मुंबईचे दोन्ही शेअर बाजार बंद होते. दिवाळी आठवड्यावर आली होती. संध्याकाळी सहाला मतदान संपलं आणि तासाभराने, आपल्याकडे सात वाजता, न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज उघडलं. तिथे इन्फोसिसचा भाव कोसळू लागला होता. कंपनीच्या हिशेबांत आणि नफ्याच्या आकड्यांत गडबड असल्याचा आरोप करणारं एक निनावी पत्र त्याच दिवशी माध्यमांमधून बाहेर आलं होतं. न्यूयॉर्कमध्ये दिवसअखेर भाव 12 टक्क्यांच्या आसपास उतरला.

पुण्या-मुंबईतल्या गुंतवणूकदारांना हे सगळं मोबाइलवर दिसत होतं, पण विकायची सोय नव्हती. मंगळवारी सकाळी सव्वानऊला मुंबईचा बाजार उघडला तेव्हा विकणाऱ्यांची झुंबड उडाली. त्या दिवशी शेअर 16 टक्क्यांनी पडला आणि कंपनीचं बाजारमूल्य सुमारे 53 हजार कोटी रुपयांनी घटलं. पुढे जानेवारी 2020 मध्ये कंपनीच्या लेखापरीक्षण समितीने चौकशी पूर्ण केली आणि आरोपांना पुरावा सापडला नसल्याचं जाहीर केलं. भावही सावरला.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. इन्फोसिस ही 1981 साली पुण्यात जन्मलेली, भारतीय कायद्याखाली नोंदलेली कंपनी. तिचे शेअर रुपयांत आहेत आणि भारतातच आहेत. मग मुंबई बंद असताना न्यूयॉर्कमध्ये नेमकं काय विकलं जात होतं?

विकली जात होती ती पावती. सोयाबीन वखार महामंडळाच्या गोदामात ठेवणाऱ्या शेतकऱ्याला ही कल्पना सहज कळेल. माल गोदामात राहतो, हातात पावती येते, आणि त्या पावतीवर बँक कर्जही देते. सोयाबीन जागचं हललेलं नसतं, तरी त्याची किंमत त्या कागदावर फिरते. शेअरचंही तसंच करता येतं. इन्फोसिसचे काही शेअर भारतातल्या एका बँकेकडे सांभाळायला ठेवले जातात. या बँकेला कस्टोडियन म्हणतात आणि इन्फोसिससाठी हे काम आयसीआयसीआय बँकेकडे आलं. त्या ठेवीच्या आधारावर अमेरिकेतली दुसरी बँक, म्हणजे डॉइश बँकेची तिथली कंपनी, डॉलरमधल्या पावत्या काढते. या पावतीला अमेरिकन डिपॉझिटरी रिसीट, बाजाराच्या बोलीत एडीआर, म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये ज्याची खरेदी-विक्री होते ती हीच.

म्हणूनच इन्फोसिसच्या भागधारकांच्या यादीत एक मोठं नाव डॉइश बँकेचं दिसतं. ते पाहून काहींना वाटतं, या बँकेने कंपनीत केवढा पैसा गुंतवला आहे! पण ती केवळ नावापुरती मालक आहे. तिच्यामागे पावत्या बाळगणारे असंख्य लोक आणि फंड असतात. कंपनीने लाभांश जाहीर केला की रुपये त्या बँकेकडे जातात. ती त्यांचे डॉलर करते, आपलं शुल्क कापते आणि उरलेली रक्कम पावतीधारकांना देते. मतदानही तिच्यामार्फतच होतं.

एका पावतीमागे किती शेअर ठेवायचे हे कंपनी आणि बँक मिळून ठरवतात. इन्फोसिसचा एडीआर 11 मार्च 1999 रोजी अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात आला तेव्हा एक पावती म्हणजे अर्धा शेअर होता. नॅस्डॅकवर नोंदली गेलेली ती पहिली भारतीय कंपनी. 34 डॉलरला एक, अशा 20 लाख 70 हजार पावत्या विकून तिने 7 कोटी डॉलरच्या थोडे वर उभे केले. आज एक पावती म्हणजे एक शेअर आहे आणि 2012 च्या डिसेंबरपासून तिचा मुक्काम न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर आहे. आयसीआयसीआय बँकेची पावती मात्र दोन शेअरची. हे प्रमाण माहीत नसेल, तर दोन बाजारांतल्या भावांची तुलना करणारा हमखास फसतो.

आता मुख्य प्रश्न: दोन शहरांत, दोन चलनांत विकली जाणारी ही एकच चीज एकाच भावाला का राहावी? कुणी तसा हुकूम काढलेला नाही. भाव जुळतात ते नफ्याच्या मागे असलेल्या व्यापाऱ्यांमुळे.

समजा, मुंबईत शेअर 1,500 रुपयांना आहे आणि डॉलर 85 रुपयांना. मग न्यूयॉर्कमध्ये एक पावती साधारण 17 डॉलर 65 सेंटला मिळायला हवी. पण तिथे ती 20 डॉलरला, म्हणजे 1,700 रुपयांना, विकली जात आहे. एखादा परदेशी फंड मुंबईत शेअर घेतो, कस्टोडियनकडे जमा करतो, अमेरिकेतली बँक त्यावर नवी पावती काढते आणि फंड ती न्यूयॉर्कमध्ये विकतो. एका शेअरमागे 200 रुपये सुटतात. बँक पावती काढायला साधारण 5 सेंटपर्यंत, म्हणजे सव्वाचार रुपये, घेते; दलाली आणि कर वेगळे. तरीही हातात भरपूर उरतं. साहजिकच आणखी फंड धावतात. त्यांच्या खरेदीने मुंबईचा भाव चढतो, त्यांच्या विक्रीने न्यूयॉर्कचा उतरतो, आणि फरक खर्चाएवढा उरला की धावपळ थांबते. भाव उलट असतील, म्हणजे न्यूयॉर्क स्वस्त आणि मुंबई महाग, तर फंड पावत्या घेऊन बँकेला परत करतो, शेअर सोडवतो आणि ते मुंबईत विकतो.

हे सगळं व्हायला शेअरची पावती आणि पावतीचा शेअर, अशी दोन्हीकडची वाट उघडी हवी. भारतात कित्येक वर्षं ती एकाच बाजूने उघडी होती. पावती मोडून शेअर मिळत असे. मुंबईतून शेअर घेऊन त्याची पावती मात्र करता येत नसे. त्याचा परिणाम इन्फोसिसच्या भावात ठळकपणे दिसला. अमेरिकेत त्या काळी तंत्रज्ञान कंपन्यांची भूक प्रचंड होती आणि पावत्या मोजक्या. भाव चढला तर नव्या पावत्या आणून तो खाली खेचायची सोयच नव्हती. त्यामुळे न्यूयॉर्कचा भाव मुंबईपेक्षा 50 टक्क्यांहूनही जास्त वर राहिल्याचे दिवस त्या काळात आले. तीच कंपनी, तोच लाभांश, तोच नफा, आणि किंमत दीडपट! दोन भावांतल्या या दरीचं श्रेय अनेकांनी अमेरिकेच्या चाणाक्षपणाला दिलं. खरं कारण बंद असलेली वाट हे होतं.

फेब्रुवारी 2002 मध्ये रिझर्व्ह बँकेने ती वाट उघडली, पण मोजून. जेवढ्या पावत्या मोडल्या गेल्या असतील तेवढ्याच नव्याने काढता येतील, असा नियम झाला. कंपनीने 100 पावत्या काढल्या आणि त्यांतल्या 20 मोडल्या गेल्या, तर पुन्हा 20 काढता येणार, एकवीसावी नाही. बाजारातले लोक या मोकळ्या जागेला हेडरूम म्हणतात. ती भरली की वाट पुन्हा बंद. म्हणून एखाद्या कंपनीचा एडीआर मुंबईपेक्षा बराच महाग दिसला, तर आधी ही जागा शिल्लक आहे का ते पाहावं. नसेल, तर तो फरक कंपनीबद्दल फारसं काही सांगत नाही.

वाट पूर्ण उघडी असली तरी घड्याळ आडवं येतंच. मुंबई साडेतीनला बंद होते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या सातला आणि हिवाळ्यात आठला उघडतं. दोन्ही बाजार एकाच वेळी कधीच चालू नसतात. आज इथे घेतलेला शेअर तिथे विकेपर्यंत मध्ये काही तास जातात आणि तेवढ्यात भाव आणि डॉलर दोन्ही हलू शकतात. इन्फोसिस तिमाही निकाल बहुधा मुंबईचा बाजार बंद झाल्यावर जाहीर करते. त्यावरचा पहिला कौल त्यामुळे न्यूयॉर्क देतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दलालांच्या कार्यालयांत आधी एडीआरचा रात्रीचा भाव पाहतात तो याच कारणाने. 2019 च्या त्या मंगळवारी मुंबईने न्यूयॉर्कपेक्षाही जास्त घसरण नोंदवली, म्हणजे रात्रीचा भाव हा इशारा असतो, निकाल नव्हे.

पावतीचा हा सगळा खटाटोप टाळून मूळ शेअरच दोन देशांत नोंदवता येत नाही का? येतो. त्यालाच दुहेरी नोंदणी म्हणतात. एचएसबीसी बँकेचे शेअर लंडनमध्ये आणि हाँगकाँगमध्ये विकले जातात आणि ते मूळ शेअरच आहेत. भागधारक आपला शेअर लंडनच्या नोंदवहीतून काढून हाँगकाँगच्या नोंदवहीत नेऊ शकतो. पण त्यासाठी पैसा एका देशातून दुसऱ्या देशात विनाअडथळा जायला हवा. पौंड आणि हाँगकाँग डॉलर तसे जातात. भांडवली व्यवहारांसाठी रुपया अजून तेवढा मोकळा नाही. 2009 मध्ये भारती एअरटेल आणि दक्षिण आफ्रिकेची एमटीएन यांच्या एकत्र येण्याच्या बोलण्यांत दुहेरी नोंदणीचा मुद्दा आला, भारतात त्याची तरतूद नव्हती, आणि सप्टेंबरअखेर बोलणी संपली. जानेवारी 2024 मध्ये सरकारने गुजरातच्या गिफ्ट सिटीतल्या आंतरराष्ट्रीय बाजारांत भारतीय कंपन्यांना थेट शेअर नोंदवायची परवानगी दिली. भारताबाहेर मात्र अजूनही पावतीचाच रस्ता आहे.

आणि हा रस्ता कायमचा असतो असंही नाही. परदेशी बाजारात नाव राखायचं तर अमेरिकी नियमांप्रमाणे वेगळा वार्षिक अहवाल, वेगळे लेखापरीक्षण, वकिलांची फी, असा मोठा खर्च येतो. भारतीय बाजार मोठा आणि परदेशी फंडांना सहज येण्याजोगा झाल्यावर तो खर्च का करायचा, असं काही कंपन्यांना वाटू लागलं. टाटा मोटर्सने 2004 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणलेली पावती जानेवारी 2023 मध्ये काढून घेतली. त्या एका पावतीमागे पाच शेअर होते. धारकांना जुलै 2023 पर्यंत मुदत मिळाली: पावती परत करा आणि शेअर घ्या. पण शेअर घ्यायला भारतात डिमॅट खातं लागतं, आणि अमेरिकेतल्या छोट्या गुंतवणूकदाराकडे ते क्वचितच असतं. मुदतीत ज्यांनी पावत्या परत केल्या नाहीत, त्यांचे शेअर मुंबईत विकून, खर्च वजा करून, उरलेले पैसे त्यांना द्यायची मुभा बँकेला होती.